सुलूचा पहिला शब्द

आमच्या शेजारच्या शिरस्तेदारकाकांइतका खोटं लिहायला घाबरणारा माणूस त्या काळच्या अख्ख्या डोंबिवलीत नव्हता, आणि त्या सच्चेपणापायी शेजाऱ्यांना त्यांच्याइतकं कोणी छळलंही नसेल. ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून हयात घालवून ते निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. भाजीवालीनं "वांगी ताजी आहेत" म्हटलं तरी ते विचारायचे, "तू स्वतः तोडलीस, की ऐकीव माहिती?" पाऊस पडला असं सांगत कोणी आलं तर आधी त्याची छत्री बघत. काकू हयात होत्या तोवर हे सगळं एकट्या त्यांच्या वाट्याला होतं म्हणे. त्या गेल्यावर ते आमच्या गल्लीत वाटलं गेलं.

एकच हौस होती त्यांना, पेटीसारख्या कॅमेऱ्याची. पोटाशी धरून वरून भिंगात वाकून बघायचं, ऊन पाठीवर घ्यायचं आणि समोरच्यानं जराही हलायचं नाही. एका रिळात जेमतेम आठ फोटो, त्यामुळे चाप दाबण्याआधी काका डावा हात वर करून, तळवा पुढे धरून, कोर्टात शांतता पुकारावी तसं म्हणायचे, "थांब." मग टेंभी नाक्याजवळच्या एका स्टुडिओत रीळ धुवायला द्यायला स्वतः जायचे. गल्लीतल्या प्रत्येक मुलाचं त्यांच्या काळ्या पानांच्या आल्बममध्ये एक पान होतं. चिकटवलेल्या चार कागदी कोपऱ्यांत फोटो अडकवायचा आणि खाली पांढऱ्या शाईनं मजकूर: पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द. त्या पानावर नाव लागलं की आयांना मूल पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखं वाटायचं. माझ्या सुलूच्या पानावर दात होता, पाऊल होतं, आणि त्यापुढे काळा कागद. दीड वर्ष उलटून बरेच महिने झाले होते आणि पोर बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे गप्प नव्हती. दिवसभर "बाबाबा, ददद" चालायचं. आमच्या ह्यांनी "बाबा म्हणाली" म्हणून काकांना हाक मारली. काका आले, ओट्यावर बसून ऐकत राहिले. सुलू छपराला बाबा म्हणाली, कावळ्याला म्हणाली, मग चपलेलाही म्हणाली. "हा नुसता घोष झाला," काका म्हणाले. "शब्द तो, जो त्याच वस्तूला पुन्हा पुन्हा, आपणहून, कोणी न पढवता वापरला जातो. उच्चार बोबडा असला तरी माझी हरकत नाही. अर्थ ठाम हवा." सासूबाईंनी शपथेवर सांगितलं की पहाटे पाळण्यात ती "आजी" म्हणाली. काकांनी नम्रपणे सांगितलं की साक्षीदार हितसंबंधी आहे. सासूबाई त्यांच्याकडे चातुर्मासभर पाठ करून होत्या.

हसायला सोपं आहे हे आता. तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. सासूबाई सुलूच्या जिभेला वेखंड उगाळून लावत, ह्यांच्या आत्याबाई आल्या की मुलीकडे बघून नुसत्या उसासत, आणि "मुकी" हा शब्द कोणी उच्चारत नसलं तरी तो आमच्या माजघरात पाट मांडून बसला होता. कल्याणच्या डॉक्टरांनी "थांबा, घाई नको" असं सांगितलं. एक दिवस मी काकांना म्हटलं, "तुम्ही 'आई' लिहून टाका हो तिच्या पानावर. बोलेलच ती पुढे."

"नाही लिहिता यायचं," ते म्हणाले.

मी रडत घरात गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण माणूस असा की दुसऱ्याच दिवशी सुलूच्या पाठीमागे उभा राहून डब्यावर चमचा हळूच वाजवून बघत होता. ती वळली. मग तिला म्हणाले, "आजोबांची काठी कुठंय?" ती तुरुतुरु गेली आणि त्यांची काठी ओढत घेऊन आली. मी खिडकीतून बघत होते. माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं ते मोठ्यानं म्हणाले, "कान शाबूत आहेत. समजतं सगळं. आत साठा होतोय, बाहेर यायचं बाकी आहे." त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले, पण अबोला मात्र सोडला नाही.

आणखी एक गोष्ट होती, तिचा अर्थ आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. काका कॅमेरा काढून हात वर करत, तेव्हा सुलूही त्यांच्यासमोर तळवा पुढे करून उभी राहायची. आम्ही हसायचो. पुढे पुढे मांजर ताटाकडे आलं तरी तळवा, मी वेणी घालताना कंगवा ओढला तरी तळवा. शब्दाच्या आधी तिचा हात बोलायला लागला होता.

मग ती सकाळ. मी दारात पातेलं धरून उभी, जवळच्या गावातला आमचा दूधवाला माप ओततोय, सुलू उंबऱ्यावर. दूध पातेल्याच्या काठाशी आलं आणि तिनं हात वर केला. खणखणीत आवाज आला, "तांब."

दूधवाल्याचा हात जागीच राहिला. "वयनी," तो म्हणाला, "पोर मना थांब बोलली."

ओट्यावर दात घासत असलेले काका तोंडात राखुंडी तशीच ठेवून उठले. "त्रयस्थ साक्षीदार," एवढंच कसंबसं म्हणाले आणि आत पळाले. मला वाटलं, चूळ भरायला गेले. ते कॅमेरा घेऊन आले. मी सुलूला "परत म्हण, परत म्हण" म्हणणार, तेवढ्यात त्यांनी मला बोटानं दटावलं, "पढवायचं नाही." उन्हाकडे पाठ करून ते भिंगात वाकले, चापावर बोट ठेवलं. सुलूनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, तळवा पुढे केला आणि म्हणाली, "तांब."

आणि ते थांबले. वाकलेले, ओठांवर राखुंडी, डोळ्यांतून पाणी वाहतंय. मी म्हटलं, "काका, दाबा ना चाप." कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले ते हे. ते हललेसुद्धा नाहीत. सुलू कंटाळून आत निघून गेली, तेव्हा कुठे सरळ झाले. "हुकूम होता," म्हणाले. मग मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि इतके महिने आत दाबून ठेवलेलं सगळं रडून घेतलं. हसतही होते. पातेल्यातलं दूध सांडलं, ते कोणाला कळलंही नाही.

संध्याकाळी ते आल्बम, टाक आणि पांढरी शाई घेऊन आमच्याकडे आले. आयुष्यात प्रथमच म्हणाले, "मजकूर तुम्ही लिहा. तुम्ही वाट पाहिलीत." मी लिहिलं: "सुलू बोलली. 'आई' नाही, 'बाबा' नाही, आजीचा तर विषयच नाही. पहिला शब्द 'थांब', आणि तोही मोठ्या माणसांना. आम्हांला वाटत होतं, हिला बोलता येत नाही. हिला फक्त काय बोलायचं ते ठरवायचं होतं. आम्ही सगळे थांबलो आहोत. आई."

काकांनी दोनदा वाचलं. "लांबलंय," म्हणाले, "पण पुराव्याला धरून आहे." मग वरच्या रिकाम्या जागेत फोटोचे चार कोपरे चिकटवले आणि मध्ये काही न लावता पान मिटलं.

पुढे काकांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. तोवर सुलूच्या तोंडाची टकळी अशी चालायची की सासूबाईच तिला थांब म्हणायच्या. टांग्यात बसण्याआधी काकांनी आल्बम माझ्या हातात दिला. टांगा निघाला. एवढ्या बडबड्या पोरीनं नुसता हात वर केला, तळवा पुढे. काकांनी टांगेवाल्याच्या खांद्याला हात लावला. टांगा कोपऱ्यावर थोडा वेळ उभा राहिला, आणि मग गेला.

ते पान अजून माझ्याकडे आहे. चार कोपरे, मध्ये काळा कागद, खाली माझं अक्षर. सुलूची मुलं विचारतात, "फोटो पडला का गं, आजी?" मी म्हणते, "नाही रे, तुमच्या आईनं काढू दिला नाही."