परीक्षेला बसलेले चाळीस

शाळेत त्यांना सगळे अर्धागुणबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, मागे अर्धागुणबाई. कुठल्याही विषयाच्या गुणांची बेरीज त्यांच्या हाताखालून गेली, की कुणाचा तरी सुटलेला अर्धा गुण त्या शोधून काढत आणि ज्याचा त्याला परत देत. एकदा तर पहिल्या आलेल्या मुलाचा अर्धा गुण त्यांनी कापला होता. त्याचे वडील भांडायला आले, बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, उत्तरपत्रिका पुढे ठेवली. गृहस्थ चहा पिऊन, नमस्कार करून परत गेले.

बाईंची दुसरी ख्याती म्हणजे त्यांची निकालाची टिपणी. परीक्षा झाली की प्रत्येक वर्गशिक्षकाने मुख्याध्यापकांना वर्गाच्या निकालाचं चार ओळींत सार लिहून द्यायचं असे. किती बसले, किती उत्तीर्ण, टक्के किती, कच्चे विषय कोणते. बाकीचे तीन-तीन पानं लिहीत आणि पोरांच्या मोबाइलपासून आईबापांच्या भांडणापर्यंत सगळं त्यात कोंबत. बाईंचं अर्धं पान. मुख्याध्यापक म्हणत, "बाई, तुमची टिपणी म्हणजे जाणत्या नटाची एन्ट्री. येतो, दोन वाक्यं बोलतो, आणि सगळं नाटक कळतं."

त्या वार्षिक परीक्षेनंतर मात्र अर्धं पान बाईंपुढे दुपारभर कोरंच पडलं होतं.

शिक्षकखोलीत पंखा कुरकुरत होता. टेबलावर वर्गाचा गुणतक्ता पसरलेला, त्यावर पट्टी आडवी धरलेली. बाईंनी गणिताचा रकाना वरून खाली मोजला, मग खालून वर मोजला. चाळीस बसले, एकवीस उत्तीर्ण. साडेबावन्न टक्के. सहामाहीच्या तक्त्यात याच जागी साठ टक्के होते.

साडेसात टक्क्यांची घट. एरवी बाईंनी 'गणित कच्चे' असं लिहून पेनाला टोपण लावलं असतं. पण संस्थेच्या समितीने त्या वर्षी एक नियम काढला होता. ज्या विषयाचा निकाल आधीच्या परीक्षेपेक्षा खाली जाईल, त्या विषयाच्या हंगामी शिक्षकाला पुढे ठेवायचं नाही. समितीची बैठक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. आणि गणिताचा शिक्षक हंगामी होता.

त्याला पोरं सायकलसर म्हणत. जुने गणितसर सहामाहीनंतर निवृत्त झाले तेव्हा तो आला. बारीक, उंच, पँटला चिमटा लावून सायकल चालवणारा. घरी बायको आणि नुकती बोलायला लागलेली मुलगी. आधीच्या दोन शाळांनीही त्याला वर्षभर वापरून परत केलेलं. "बाई, मी वाचनालयाच्या पुस्तकासारखा आहे," तो म्हणायचा, "मुदत संपली की परत."

बाईंनी सहामाहीचा तक्ता शेजारी ठेवला आणि मग त्यांना ते दिसलं. गणितापुढे पंधरा नावांना 'गैरहजर'. बाकी सगळ्या विषयांना हीच पोरं हजर.

जुन्या गणितसरांच्या काळात गणिताच्या पेपरला वर्गात तापाची साथ येत असे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता. पोरांना रागवायचाही नाही. पेपरच्या आदल्या दिवशी कच्च्या पोरांच्या पाठीवर हात ठेवून फक्त म्हणायचा, "जमणार नसेल तर उगीच दगदग नको करू रे. घरी आराम कर." पोरं आराम करत. पंचवीस बसत, पंधरा पास होत. साठ टक्के. टक्के काढायचे ते परीक्षेला बसलेल्यांवर, पटावर नाही. तक्त्यातच तसं छापलेलं होतं.

आणि सायकलसराने वार्षिकच्या आधी काय केलं होतं? त्या पंधराही जणांच्या घरी सायकल नेली होती. कुणाच्या आईशी बोलला, कुणाच्या आजोबांशी. शाळा सुटल्यावर त्यांना थांबवून घेतलं, अपूर्णांकांपासून सुरुवात केली. पेपरच्या दिवशी फाटकाशी उभा राहून मोजत होता. पंधरावी आली ती खिडकीशी बसणारी मुलगी. तिला वर्गात खिडकीवालीच म्हणत, कारण गणिताच्या तासाला ती फळ्याकडे कधी बघतच नसे. ती कंपासपेटी छातीशी धरून आली, तेव्हा सायकलसराने हातातला चहा तसाच ओतून टाकला आणि तिच्यामागून वर्गात गेला.

आता तो शिक्षकखोलीच्या दारात उभा होता.

"झाली का टिपणी? एकवीस आहेत ना, बाई? मी तीनदा मोजले."

"एकवीस आहेत. बस."

"पंधराचे एकवीस झाले. आता तरी समिती म्हणेल ना, ठेवा याला? बायकोला सांगून आलोय, या वेळी घर बदलायला नको."

बाईंनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. मग दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि टक्क्यांवर बोट ठेवलं. तो गणिताचा माणूस, त्याला अर्ध्या क्षणात कळलं. तरी तो हसला.

"अहो, पण हे... बसले किती ते तर बघा."

"मी बघितलं. ते बघतील का, हा प्रश्न आहे."

तो खुर्चीत मागे रेलला. बोटांवर काहीतरी मोजलं. "जुन्या पंचवीसमधले या वेळी सतरा पास आहेत. त्या पंधरातले चार. म्हणजे मी या पंधरा जणांना घरी आराम करायला सांगितलं असतं, तर पंचवीसपैकी सतरा."

"अडुसष्ट टक्के," बाई म्हणाल्या.

"साठाचे अडुसष्ट. मग नोकरी पक्की होती." त्याने पेल्यातलं पाणी संपवलं. "पण ती चौघं पास झाली, बाई."

"झाली."

"खिडकीवालीला एकेचाळीस आहेत. तुम्ही अर्धा-बिर्धा कापला नाहीत ना?"

"बेचाळीस असतील म्हणून पुन्हा बेरीज केली. एकेचाळीसच आहेत."

तेवढ्यात हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून आत आले. त्यांच्या कानांना भिंती आड येत नसत. ते म्हणाले, "बाई, एवढं काय मनाला लावून घेता? त्या पंधरातले अकरा आपटलेत ना? लावा गैरहजर. तापाची साथ लांबली म्हणायचं."

"त्यांच्या उत्तरपत्रिका आहेत, भाऊसाहेब. त्यांनी तीन तास बसून लिहिलंय."

"मी आपली एक सूचना केली."

"आणि मी ती ऐकलीच नाही."

सायकलसर उठला. "नका हो भाऊसाहेब, एवढ्या विनवण्या करून हजर केलेत, आता गैरहजर कसे करणार?" तो हसत म्हणाला खरा, पण जाताना चिमटा न लावताच सायकलवर बसला आणि पँट साखळीत अडकवून घेतली.

बाईंनी मग टिपणी लिहिली. ती अशी होती:

'मा. मुख्याध्यापक यांस. वर्गाचा वार्षिक निकाल. पट चाळीस, परीक्षेस बसले चाळीस, सर्व विषयांत उत्तीर्ण एकोणीस, साडेसत्तेचाळीस टक्के. कच्चे विषय दोन. गणित, उत्तीर्ण एकवीस, साडेबावन्न टक्के. विज्ञान, उत्तीर्ण सव्वीस, पासष्ट टक्के. भाषांत अडचण नाही. गणितात सहामाहीस साठ टक्के होते, परंतु तेव्हा पंचवीसच बसले होते व पंधरा उत्तीर्ण झाले. पटाशी ताडल्यास सहामाहीस साडेसदतीस टक्के होतात, आता साडेबावन्न. ही घट नव्हे, वाढ आहे. गणिताच्या शिक्षकास कायम ठेवावे ही विनंती.'

तीस वर्षांत त्यांनी टिपणीत विनंती पहिल्यांदाच लिहिली होती.

मुख्याध्यापकांनी ती उभ्यानेच वाचली. मग बसून वाचली. ते बाईंहून बरेच लहान. नोकरीला लागले तेव्हा तक्ता कसा भरायचा हे बाईंनीच त्यांना शिकवलेलं.

"बाई, तुमचं सोळा आणे बरोबर आहे."

"मग झालं तर."

"झालं कुठे? समितीपुढे सगळ्या वर्गांचा मिळून एक कागद जातो. विषय, सहामाहीचे टक्के, वार्षिकचे टक्के. 'बसले किती' हा रकानाच नाही त्यात."

"एक रकाना वाढवा."

"नमुना त्यांनी ठरवलाय. मी तोंडी सांगतो. टिपणी वाचून दाखवतो. यापेक्षा माझ्या हातात काय आहे, तुम्हीच सांगा."

बाई उठल्या.

बैठकीला शिक्षकांना प्रवेश नव्हता. बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. बंद दारामागून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. पडद्यामागे उभं राहून आपलाच प्रसंग दुसऱ्याच्या तोंडी सोपवावा आणि प्रेक्षक हसले की खोकले तेही कळू नये, तशी त्यांची गत झाली होती. खुर्च्या सरकल्या. माणसं बाहेर पडली. त्यांतल्या एकाने बाईंना ओळखून मान हलवली, "छान असते हं तुमची टिपणी. मुद्देसूद."

मुख्याध्यापक शेवटी आले. बाकावर शेजारी बसले.

"वाचली मी. सगळी वाचली. अध्यक्ष म्हणाले, निकाल खाली आला की कारणं सगळ्यांकडेच असतात. एकाला सूट दिली तर उद्या दहा उभे राहतील."

"ही सूट नाहीये, सर. हा भागाकार आहे."

"मी तेही म्हणालो, बाई." त्यांनी टिपणीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पुढचा विषय कुंपणाच्या भिंतीचा होता."

सायकलसर खडूची पेटी आणि कपाटाची किल्ली परत करायला आला. बाईंनी त्याला एक शिफारसपत्र दिलं, तेही अर्ध्या पानाचं. तो म्हणाला, "तुमचं अर्धं पान म्हणजे पुष्कळ झालं." मग वाकून नमस्कार केला आणि सायकल हातात धरूनच फाटकाबाहेर गेला.

वर्ग वर गेला, नापास झालेलेही ढकलून वर गेले, आणि बाई वर्गाबरोबर वर गेल्या. गणिताला नवीन शिक्षक आले, हेही हंगामी. गरीब, कामसू, आईवडील त्यांच्यावर अवलंबून. सहामाहीच्या गणिताच्या पेपरला सोळा जण आले नाहीत.

बाईंनी नव्या सरांना गाठलं तेव्हा ते आधीच ओशाळले होते. "बाई, माझ्याआधी इथे काय झालं ते मला भाऊसाहेबांनी सांगितलंय. मी सायकल घेऊन फिरू का? सांगा, फिरतो. पण मग माझ्या घरचं काय?"

फिरा, हे बाईंनी कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्या वर्गात गेल्या. मधली सुट्टी होती. खिडकीवाली तिच्या जागी बसून डबा खात होती.

"पेपरला का नाही आलीस गं?"

"ताप होता, बाई."

"कधीपासून?"

मुलीने घास गिळला. "सरांनी सांगितलं तेव्हापासून."

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. हात त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला.

मग शिक्षकखोलीत येऊन त्यांनी तक्त्यावर पट्टी धरली. चोवीस बसले, अठरा उत्तीर्ण. पंचाहत्तर टक्के. टिपणीत त्यांनी सगळं लिहिलं, पट, बसलेले, न बसलेले सोळा, पटाशी ताडून पंचेचाळीस टक्के. मुख्याध्यापकांनी ती दोनदा वाचली, डोळे वर न करता सही केली आणि समितीच्या कागदावर गणितापुढे पंचाहत्तर लिहिले.

"या वेळी कच्च्या विषयांत काय लिहू, बाई?" त्यांनी विचारलं. "गणित तर आता बसत नाही त्यात."

"विज्ञान लिहा," बाई म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं.