शनिवारच्या रात्रीचा दीड

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी घड्याळ कुणी मला शिकवावं, हे मी ऐकून घेतलं नसतं. मार्चमधल्या त्या रविवारी सकाळी मुलगा सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. पोह्यांना हात लावत नव्हता.

लंडनच्या एका इस्पितळाचं काम त्याच्याकडे. तिथे रोज रात्री दीडला मशीन आपोआप औषधांची यादी काढतं. ऑक्टोबरात तिकडची घड्याळं तासभर मागे घेतली, तेव्हा त्या रात्री दीड दोनदा वाजला, यादी दोनदा निघाली आणि नर्सांचा गोंधळ उडाला. साहेबाने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर इथे नोकरी करायचा पास वाढवायचा अर्ज करणार नाही. म्हणजे बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला.

"आज पण दोनदा का?" मी विचारलं.

"आज एकदाही नाही, बाबा. आज घड्याळ पुढे करतात. एक वाजायला आला की एकदम दोन."

"आणि मधला तास? खिशात घालतात?"

"दीड वाजणारच नाही, तर यादी निघणार नाही. म्हणून अडीचवर ठेवायला सांगितलंय."

सांगितलं होतं पुण्यातून हेच काम करणाऱ्या सोबतिणीला, फोनवर, आपल्या भाषेत: "शनिवारी रात्री दीडची यादी अडीचला कर." मी ऐकलं होतं.

लंडनचं घड्याळ इथल्या सकाळच्या नऊला उडी मारणार होतं. पावणेनऊला त्याने नोंद उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. फोन लावला.

"अगं, तारीख शनिवारची टाकलीस!"

"तूच म्हणालास शनिवार. काल यादी अडीचला निघाली की!"

"ती शुक्रवारची रात्र झाली, बाई! आजचा दीड तसाच आहे!"

मला राहवलं नाही. "उजाडेपर्यंत रात्र शनिवारचीच. तू बरोबर बोललास."

"बाबा, मशीनला उजाडलेलं कळत नाही! बारा वाजले की त्याचा रविवार. गप्प बसा."

या घरात मला असं कुणी बोललं नव्हतं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.

त्याने तारीख बदलली. बदल सोबतिणीने मंजूर करायचा, आणि तिचं नेट अडकलं होतं. "होतंय, होतंय," एवढंच फोनवर. नऊला जेमतेम मिनिट असताना ती ओरडली, "झालं!"

पडद्यावरचं लंडनचं घड्याळ बारा एकोणसाठवरून दोनवर गेलं. माझ्या डोळ्यांदेखत.

साडेनऊला यादी निघाली. एकच. थोड्या वेळाने इस्पितळातून कळलं, मिळाली. मुलाने तोंड धुतलं आणि चूक स्वतःच साहेबाला लिहून कळवली. सोमवारी साहेबाने अर्ज पुढे पाठवला. यापुढे वार नाही, तारीख बोलायची, अशी ताकीद दिली.

मुलगा आता घरातही तारखेनेच बोलतो. मी वारच सांगतो.