विरामरावांचा तोंडी आदेश

करार शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरतं. बांधकाम खात्याच्या त्या दुमजली कचेरीत या हेडक्लार्कना सगळे विरामराव म्हणत. कधीकाळी त्यांनी एका स्वल्पविरामापायी अख्खी फाइल परत पाठवली होती, तेव्हापासून हे नाव चिकटलं. विरामराव वरवर कपाळाला आठ्या घालत, पण मनातून त्यांना ते पदकासारखं वाटे.

नवा ठेकेदार आला की ते त्याला समोर बसवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून समजावत. सरकारशी करार म्हणजे एक तर तो लेखी हवा. दुसरं, तो सरकारच्या नावाने केलेला हवा. आणि तिसरं, ज्याला सहीचा अधिकार दिलाय त्याचीच सही त्यावर हवी. यातलं एक जरी राहिलं तरी करार झालाच नाही असं समजा. "मोठे साहेब हो म्हणाले, मंत्र्यांनी मान डोलावली, त्याला काही अर्थ नाही," ते सांगत. "मान डोलावल्याने सरकार बांधलं जात नाही. उद्या अडलं तर कुणाच्या मानेला धरणार तुम्ही?" ठेकेदार हसत. विरामरावही हसत, कारण हे भाषण त्यांना तोंडपाठ होतं आणि पुन्हा पुन्हा करायला आवडत होतं.

असा हा माणूस. आणि असं असून त्यांनीच ते केलं, म्हणून ही गोष्ट सांगायची.

कचेरीसमोर रस्त्यापलीकडे सरकारी रुग्णालय होतं. त्याच्या बायकांच्या वॉर्डला आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरा जिनाच नव्हता. टेंडर निघालं आणि सगळ्यात कमी दर एका फॅब्रिकेशनवाल्या बाईंचा आला. नवरा गेल्यावर त्यांनी वर्कशॉप स्वतः चालवायला घेतलं होतं. हाताशी चार वेल्डर होते, आणि बाई स्वतः मापं घ्यायला शिडीवर चढत. त्यांचा दर मंजूर होण्यासारखा होता, फक्त वित्त शाखेची संमती यायची होती. ती आली की विरामराव करारपत्र टाइप करणार, मोठे साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता सही करणार, मग काम सुरू. सरळ रस्ता होता.

मध्येच कळलं, पंधरा दिवसांनी अग्निशमनवाले तपासणीला येणार. जिना नसला तर वॉर्ड बंद. मोठे साहेब तेव्हा प्रशिक्षणाला बाहेरगावी होते. त्यांनी फोन केला.

"विरामराव, बाईंना सांगा सुरू करायला. आलो की सही करतो."

"साहेब, करारपत्र नाही. संमतीही नाही आलेली."

"येईलच हो. माझ्या सांगण्यावर त्या सुरू नाही करणार. तुमच्या करतील. तुम्ही बोललात म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, सगळ्यांना ठाऊक आहे."

विरामरावांनी पुढे वर्षभर हा फोन मनात पुन्हा पुन्हा ऐकला. आपण घाबरलो म्हणून हो म्हटलं, असं त्यांना म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते घाबरले नव्हते. ते सुखावले होते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. हात ग्रीसने काळे, म्हणून खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या. विरामरावांनी निरोप सांगितला. बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, एखादा कागद मिळाला असता तर..."

"मी सांगतोय ना," विरामराव म्हणाले. आवाजात थोडा तुसडेपणा आलाच. "एकतीस वर्षांत माझ्या शब्दाने कुणाचं बिल अडलंय, असं ऐकलंत कधी?"

बाई ओशाळल्या. "नाही हो साहेब. तसं नाही म्हणायचं मला," म्हणत उठल्या आणि बाराव्या दिवशी जिना उभा केला. तपासणीवाल्यांनी तो पाहिला, ठोकून पाहिला, वॉर्ड चालू राहिला. त्या दिवसापासून नर्सेस त्या जिन्यानेच ये-जा करू लागल्या, कारण कॅन्टीन त्या बाजूला जवळ पडे.

मग वित्त शाखेने संमती नाकारली. जिन्याचा खर्च रुग्णालयाच्या तरतुदीतून व्हायला हवा, आमच्या नाही, असा शेरा आला. तेवढ्यात मोठ्या साहेबांची बदली झाली. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "मी चौकशी करा म्हटलं होतं, सुरू करा कधी म्हटलं?" आणि त्यांच्या जागी आल्या एक नव्या मॅडम.

विरामरावांनी काय केलं? तर त्यांनी एका संध्याकाळी एकट्याने बसून जुन्या तारखेचं करारपत्र टाइप केलं. प्रत्येक कलम, प्रत्येक विराम जागच्या जागी. मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी तारीख पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या तारखेला मी या खुर्चीत नव्हते. मी कशी सही करू?"

"मग जुन्या साहेबांना गळ घालतो, ते येऊन करतील."

"त्यांना आता अधिकार नाही. आणि काम झाल्यावर, मागची तारीख घालून? विरामराव, हे तुम्ही सांगताय मला?"

त्या रागावल्या असत्या तर बरं. त्या नुसत्या चकित झाल्या होत्या. विरामरावांनी करारपत्र उचललं आणि ते केबिनबाहेर आले. घरी आल्यावर बायकोने विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, पित्त झालंय. पुढे कितीतरी दिवस त्यांना पित्तच होत राहिलं.

आठ महिने वाट पाहून बाईंनी दावा लावला. तोवर चारातले तीन वेल्डर दुसरीकडे गेले होते आणि वर्कशॉपचं शटर निम्मंच उघडत असे. त्यांच्या वकिलांनी दोन गोष्टी मागितल्या: ठरलेला दर द्या, आणि करारच नव्हता म्हणत असाल, तर निदान जो जिना तुम्ही घेतलात आणि रोज वापरताय त्याचा वाजवी मोबदला द्या.

सरकारी वकिलांनी विरामरावांना बोलावलं. माणूस गोड बोलणारा. "पहिली मागणी तर पडणारच. करार नाही, तर करारातला दर कसला? मागाहून कुणी मान्यता दिली तरी असा करार जिवंत होत नाही. हे तुम्हाला मी काय शिकवणार. दुसरी जरा त्रासाची आहे. ती पाडायची तर एवढंच दाखवायचं, की बाईंनी आपण होऊन, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता काम केलं. म्हणजे सेवाभावाने." आणि त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. सातवा परिच्छेद होता: 'वादी यांना या कार्यालयातून कोणीही कामाची सूचना दिलेली नाही. सदर काम त्यांनी स्वेच्छेने व सेवाभावाने केले.'

"आदेश दिला नाही, हे खरंच आहे ना?" वकील म्हणाले. "तुम्हाला अधिकारच नव्हता. मग जो दिला तो आदेश कसा? आणि दिला म्हणालात तर खातं तुमच्याकडूनच वसूल करायला निघेल. निवृत्तीला राहिलेत किती महिने?"

"पाच," विरामराव म्हणाले.

आणि त्यांनी सही केली. वाचून, नीट, तारखेसकट. सहीचा फराटाही नेहमीसारखाच आला, आणि याचीच पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यांनी ते बायकोला सांगितलं, कारण पित्ताची सबब आता चालेना. ती भाजी निवडत होती. "सेवाभावाने?" तिने एवढंच विचारलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पेन्शन अडलं तर बघू काय ते. पण तुम्ही असे घरात चोरासारखे वावरायला लागलात, ते मला नाही बघवत." विरामरावांना तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही.

कोर्टात उलटतपासणीला ते उभे राहिले तेव्हा बाई मागच्या बाकावर होत्या. त्यांच्या वकिलांनी सातवा परिच्छेद मोठ्याने वाचला.

"हे तुम्ही वाचून सही केलंत?"

"हो."

"हे खरं आहे?"

सरकारी वकील कागद चाळत होते. विरामरावांना वाटलं, एक साधा 'हो' आणखी. एकदा केलंय, दुसऱ्यांदा काय जड आहे. त्यांनी कठड्याची कड धरली.

"नाही. खोटं आहे," ते म्हणाले. "मी त्यांना काम सुरू करायला सांगितलं. साहेबांचा फोन आला होता, पण सांगितलं मी. मला तो अधिकार नाही हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कागद मागितला होता, मी दिला नाही. आणि सेवाभाव वगैरे काही नव्हता, पैसे मिळतील असं मीच म्हटलं होतं."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. "प्रतिज्ञेवर खोटं लिहिण्याचे परिणाम माहीत आहेत?"

"माहीत आहेत," विरामराव म्हणाले. त्यांना सगळंच माहीत होतं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. वैध करार झालेला नाही, तोंडी सूचनेने सरकार बांधलं जात नाही, म्हणून ठरलेला दर मागता येणार नाही. मात्र काम फुकट करण्याच्या हेतूने केलेलं नव्हतं, खात्याने ते स्वीकारलं, वापरलं, म्हणून मोजमाप करून त्याची वाजवी किंमत द्यावी. करार डावलणाऱ्यांवर खात्याने कारवाई करावी, खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल कोर्टातून वेगळी नोटीस निघेल. विरामरावांचं निलंबन त्याच आठवड्यात झालं.

पण त्याआधी, निकाल ऐकून बाहेर आल्यावर, कोर्टाच्या व्हरांड्यात बाई त्यांना भेटल्या. वाजवी किंमत येईल तेव्हा येईल, पण वर्कशॉपची जागा त्यांनी मागच्याच महिन्यात सोडली होती, हे विरामरावांना कळलं होतं. त्यांनी हात जोडले. माफीचे शब्द घरून ठरवून आणले होते, त्यातला एकही आठवेना.

आपल्या बाजूने बोललेल्या माणसाला काय म्हणावं, हे बाईंनाही बहुधा कळत नव्हतं.

"साहेब, एक सांगू?" शेवटी त्या म्हणाल्या. "कागद मागितला ना मी, त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंना म्हणाले, आज माझ्या हातून एका सरळ माणसाचा अपमान झाला. वाईट वाटत होतं मला. दुसऱ्या दिवशी तुमची माफी मागायला यायचं होतं, पण कामाच्या गडबडीत राहून गेलं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खरंच सांगत होत्या. पदर सावरून त्या पायऱ्या उतरून गेल्या, आणि विरामराव जोडलेले हात तसेच धरून उभे राहिले.