दोन गिऱ्हाइकांचे दात

कंपन्यांची वर्गवारी करणाऱ्या कचेरीत तिला सगळे ‘शंकासुर’ म्हणत. नोकरी पक्की होण्याआधी तपासायची ही तिची शेवटची कंपनी. कंपनीच्या माहितीपत्रकात टूथब्रशच्या चित्राखाली लिहिलं होतं, ‘घराघरांत आमचं हसू.’

साहेब म्हणाले, "थेट लोकांना विकतात. लिही आणि मोकळी हो!"

"पण साहेब, वार्षिक अहवालात निम्म्याहून जास्त विक्री दोनच गिऱ्हाइकांना दाखवलीय. दोन माणसं दात घासून घासून किती घासतील?"

"म्हणजे?"

"हे ब्रशचे नुसते केस बनवतात आणि ब्रशवाल्या कंपन्यांना उधारीवर विकतात. जाहिरातीवर तर खर्चच नाही!"

साहेब खो खो हसत सुटले. "शंकासुरबाई, पक्क्या झालात!"

तिने खुर्चीसकट अशी गिरकी घेतली, की साहेबांच्या हातातला चहा त्यांच्याच शर्टावर.