चंद्रभागाबाईंनी केक पायाशी ठेवला त्या दिवसाची गोष्ट

कडा गावच्या चंद्रभागाबाईंनी आयुष्यात काय काय वाहिलं याची यादी करायला बसलं तर दुपार जाईल. उसाची मोळी तर विचारूच नका. सत्तावीस हंगाम त्यांनी कोयता चालवला. डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून ट्रकमध्ये चढायला लागल्या की खालची माणसं तंबाखू मळायची थांबत. फळी हलायची, ट्रक हलायचा, बाई हलायच्या नाहीत. या गोष्टीचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत. ‘आपल्या डोक्यावरनं आजवर काय बी खाली पडलं न्हाई,’ असं त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायच्याच.

अशा बाईला बासष्टाव्या वर्षी एका केकनं घाम फोडला.

केक सुनेनं केला होता. करिष्मा मोबाईलवर बघून बघून केक शिकली. आधी कुकरमध्ये, मग माहेरच्यांनी दिलेल्या ओव्हनमध्ये. गल्लीतल्या पोरांचे वाढदिवस तिनं कधीच काबीज केले होते. नवरा परमेश्वर मात्र दर दिवाळीला तिला टोळीबरोबर ऊसतोडीला न्यायचा, कारण टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याला कोण घेतो? या उन्हाळ्यात सासूनं लेकाला समोर बसवून सांगितलं, ‘हिला एक मोठं काम मिळू दे. ते पार पडलं तर ही घरी राहून केक करील आन तू फॅक्टरीत रोजानं जाशील. न्हाई पार पडलं तर मी गप.’ परमेश्वर ‘बरं’ म्हणाला, कारण आई गप बसण्याची संधी त्याला पहिल्यांदाच दिसत होती.

मोठं काम चंद्रभागाबाईंनी स्वतःच आणलं. आष्टीच्या सरस्वतीबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्यांचा मुलगा राजकारणातला, म्हणजे घरी केकला तोटा नाही. पण हंगाम नसेल तेव्हा चंद्रभागाबाई त्यांच्या शेतात खुरपायला जात, ती ओळख. त्या सरळ मागच्या दारानं गेल्या आणि म्हणाल्या, ‘बाईसाहेब, यंदाचा केक माझी सून करनार.’ सरस्वतीबाई हसून म्हणाल्या, ‘कर म्हणावं.’ झालं! शब्द गेला.

आता मे महिना, दुपारचे दोन, आणि कडा ते आष्टी रस्ता. उन्हात उभ्या गाडीच्या टपावर पापड टाकला तर तळून निघेल असं ऊन. आणि केक दोन मजली, पांढऱ्या क्रीमचा, वर गुलाबी फुलं.

करिष्मानं तयारी मात्र पक्की केली होती. केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दगडासारखा गार केला होता. खालचा मजला वरच्याच्या भारानं दबू नये म्हणून आत जाड स्ट्रॉ उभ्या खोचल्या होत्या. केक पुठ्ठ्याच्या पाटावर क्रीमच्या ठिपक्यानं चिकटवला होता आणि खोका अगदी त्या पाटाच्या मापाचा, पण केकपेक्षा चार बोटं उंच. म्हणजे पाट आत सरकायला जागा नाही आणि झाकण फुलांना लागायचं नाही. शेजारच्या मुंजाजीनं भाड्याची गाडी लिंबाखाली उभी करून पंधरा मिनिटं एसी चालू ठेवला होता. काचांवर वर्तमानपत्रं लावली होती. पुढची काच तेवढी सोडली, नाहीतर मुंजाजीनं तीही झाकली असती.

‘खोका खाली, पुढच्या सीटच्या पायाशी ठिवायचा,’ करिष्मा म्हणाली. ‘सीट मागं उतरती असतीय. तिच्यावर केक कलंडतो. खाली सपाट जागा हाय.’

‘आन माझा एसी बी फक्त पायाशीच गार वारा देतो,’ मुंजाजी अभिमानानं म्हणाला. वरच्या जाळ्या दोन वर्षांपासून बंद होत्या.

चंद्रभागाबाईंनी त्या जागेकडं पाहिलं. रबरी मॅटवर वाळलेला चिखल, एक बिडीचं थोटूक आणि मुंजाजीच्या कालच्या गिऱ्हाइकाच्या बुटांचे ठसे.

‘अन्न पायाशी?’ त्या म्हणाल्या. ‘माणसं चपला ठिवतात तिथं? आन त्ये बी बाईसाहेबांचं?’

‘आत्याबाई, त्यो केक हाय.’

‘मग काय अन्न न्हाई का त्यो? मी मांडीवर घेते. तुझ्या नवऱ्याला मांडीवरच आनला होता दवाखान्यातनं, त्यो सांडला का?’

 बाई पुढच्या सीटवर बसल्या, खोका मांडीवर घेतला, आणि वरात निघाली.

फॅक्टरीच्या फाट्यापर्यंत सगळं झकास चाललं होतं. पण मांडी म्हणजे काही पाट नव्हे. ती उतरती, ती ऊबदार, आणि तिच्यावर ठेवणीतली गुळगुळीत साडी. पहिल्या गतिरोधकावर मुंजाजीनं बुटाच्या पायानं कचकन ब्रेक दाबला. खोका साडीवरून सुळकन पुढं गेला. बाईंनी तो मोळीसारखा आवळून धरला. खोक्याची बाजू आत दबली आणि खालच्या मजल्याला लागली.

गाडी थांबली. करिष्मानं झाकण उघडलं. डाव्या बाजूला तळहाताएवढं क्रीम पुसलं गेलं होतं, आतला तपकिरी केक दिसत होता, आणि मांडीच्या उबेनं तळाची कड चकाकायला लागली होती.

 सत्तावीस हंगामांत जे झालं नाही ते पाच मिनिटांत झालं होतं, आणि तेही सुनेच्या केकच्या बाबतीत. चंद्रभागाबाईंना रडू फुटायचंच बाकी होतं.  करिष्मानं बर्फाच्या डब्यातून जादा क्रीमची पिशवी काढली, सुरीनं भगदाड बुजवलं, पातं पाण्यात बुडवून पुसलं आणि कड गुळगुळीत केली. दुसऱ्यांदा असं झालं तर बुजवायला क्रीम उरलं नव्हतं.

‘आत्याबाई,’ ती हळूच म्हणाली, ‘आता खाली ठिवू द्या.’

 बाईंनी पदर खोचला आणि त्या कामाला लागल्या. मॅट उपसून बाहेर टाकली. बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन तळ रगडून पुसला, कोरडा केला. ओटीसाठी आणलेला कोरा खण तिथं अंथरायला काढला, तर करिष्मा ओरडली, ‘कापड घसरतं!’ आणि तिनं कपाटात अंथरायची रबरी जाळी पसरली. जाळीवर खोका ठेवला. बोटानं ढकलून पाहिला. हलेना!

‘आता चपला काढा,’ चंद्रभागाबाई म्हणाल्या. ‘समद्यांनी. डिकीत टाका.’

‘मी बी?’ मुंजाजी म्हणाला.

‘तू कावून न्हाई? अन्नाच्या शेजारी बूट घालून बसतोस व्हय?’

मुंजाजीनं बूट काढले. बाईंनी खोक्याला हात जोडले. ‘अन्नपूर्णे, खाली बसवलं म्हणून रागावू नको. वर लई गरम हाय बाई.’ मग त्या सुनेशेजारी मागं बसल्या आणि दोन सीटांच्या मधून खोक्यावर नजर लावली.

आणि गंमत बघा. अनवाणी मुंजाजी एकदम दुसराच ड्रायव्हर झाला! तळव्याला ब्रेक कळायला लागला. गतिरोधक लांबूनच दिसला की पायाची बोटं हळूच टेकायची आणि गाडी लोण्यावरून गेल्यासारखी पार व्हायची. ‘काकू, हे आधी कुनी सांगितलं न्हाई!’ तो म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की तो प्रत्येक गतिरोधकाची वाट पाहू लागला, आणि त्या रस्त्यावर त्याची निराशा होण्याचं काही कारण नव्हतं.

वाटेत चंद्रभागाबाईंचे भाऊ आश्रुबा उन्हात उभे दिसले. त्यांनी हात केला. पुढची सीट सरळ सरळ रिकामी! पण दार उघडलं की गार हवा गेली, आणि पायाशी तर केक. बाईंनी पुढच्या काचेतूनच भावाला हात जोडले. गाडी गेली. दोन मिनिटांत करिष्माचा फोन वाजला.

‘कोन आजारी हाय?’ आश्रुबा घाबरून विचारत होते. ‘काचा झाकल्यात, आक्का हात जोडून बसलीय...’

‘कुनी न्हाई मामा, केक हाय.’

‘त्याला काय झालं?’

‘अजून काय न्हाई!’ करिष्मा म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की ते आष्टी येईपर्यंत थांबेना. सासू दटावत होती, ‘हसू नगंस, गाडी हलती,’ आणि स्वतःच पदर तोंडात कोंबून गदगदत होती.

आष्टीत मात्र हसू थांबलं. सरस्वतीबाईंच्या गल्लीत तोंडापासूनच मांडव घातला होता. गाडी आत जाईना. घर साठ-सत्तर पावलांवर, आणि मधे तापलेला सिमेंटचा रस्ता. करिष्मानं आधीच फोन करून फ्रिजचा एक कप्पा रिकामा करवला होता, पण तो खरंच उघडून धरायला कुणीतरी पुढं पळायला हवं होतं. ती पळाली, तशीच अनवाणी, टणाटणा उड्या मारत.

चंद्रभागाबाईंनी खोक्याखाली दोन्ही तळवे घातले, बाजूंना हात न लावता. मुंजाजीनं आपला पंचा पसरून वर सावली धरली. पहिलं पाऊल टाकताच बाईंना कळलं की चपला डिकीत राहिल्या. पण हात भरलेले, आणि थांबलं तर क्रीम उन्हात. त्या निघाल्या. बाजूला मुंजाजी ‘अगं आई गं, मेलो’ करत नाचत होता, पंचा वरखाली होत होता. बाई मात्र फळीवरून चढावं तशा चालल्या. तळवे भाजत होते आणि खोका रेषभर हलत नव्हता.

पुढचंच दार उघडं होतं. त्यातूनच त्या आत गेल्या. खोका फ्रिजमध्ये बसला, करिष्मानं झाकण उचललं. फुलं जशीच्या तशी. फ्रिजचं दार लागलं आणि मग चंद्रभागाबाईंनी जो काही नाच केला! एक पाय वर, दुसरा पाय वर, ‘आयायाया’ करत अख्ख्या स्वयंपाकघरात.

‘अगं चंद्रभागे, वाढदिवस माझा आन नाचतीस तू!’ सरस्वतीबाई काठी टेकत आल्या. मग त्यांना ते लाल झालेले तळवे दिसले.  त्यांनी बाईंना खुर्चीवर बसवलं, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि ऐंशी वर्षांची ती म्हातारी वाकून स्वतःच्या हातानं त्यांच्या पायांवर पाणी ओतू लागली. चंद्रभागाबाई पाय मागं ओढू लागल्या. ‘बाईसाहेब, हे काय!’

‘गप बस,’ सरस्वतीबाई म्हणाल्या. ‘बघितलं मी दारातनं. केक अजिबात हलला न्हाई गं. तुळशीच्या लग्नानंतर नातीचा साखरपुडा हाय, चार मजली करायचा. करील का तुझी सून?’

चंद्रभागाबाईंच्या तोंडावर सवयीनं उत्तर आलं. तुळशीच्या लग्नानंतर तर आमची टोळी उसात असते, ही कशी... त्यांनी करिष्माकडं पाहिलं. ती फ्रिजला टेकून श्वास धरून उभी होती.

‘करील की,’ चंद्रभागाबाई म्हणाल्या. ‘तवा ती घरीच असती.’