पाठकोऱ्या पानांची चंद्रिका अक्का

माणसाला स्वतःच्या हुशारीचा फुगा फुगवायला चार दिवस पुरतात आणि तो फोडायला एक प्रश्न पुरतो. पुण्याचा अनय कुलकर्णी तमिळ मुलखातल्या सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीतून एग्मोरला एका कारखानदार कंपनीच्या हेड ऑफिसात आला, तेव्हा त्याचा फुगा चांगलाच तट्ट होता. आणि प्रश्न विचारणारी बाई रेकॉर्ड रूमच्या दारापाशी बसून टिफिनच्या डब्यातला दहीभात खात होती.

काम सरळ होतं. कंपनीचा फोर्जिंगचा कारखाना गावाबाहेर, तिथे तापलेल्या लोखंडावर दिवसभर हातोडे आदळत. तिथल्या कामगारांची दर वर्षी वैद्यकीय तपासणी व्हायची. ते जुने फॉर्म वाळवी खायला लागली म्हणून १९९८ साली स्कॅन केले आणि कागद लगद्याला गेला. उरल्या छप्पन्न सीडी. प्रत्येक कामगाराची एक टिफ फाइल, एकेका फाइलीत चाळीस-पन्नास पानं, आणि स्कॅन करताना कसलंही कॉम्प्रेशन न लावल्यामुळे एकेक पान अर्ध्या एमबीचं धूड. अनयने या सगळ्याच्या सुटसुटीत पीडीएफ करायच्या, त्या एका डीव्हीडीवर बसवायच्या, मॅनेजर वेंकट सरांनी सही करायची आणि पुढच्या सोमवारी सीडी फोडून टाकायच्या. आता आठ वर्षांनी सगळं चकाचक होणार होतं.

अनयने फुकटात मिळणारी दोन-तीन हत्यारं जोडून एक बॅच फाइल लिहिली. एकदा चालवली की ती फाइलींमागून फाइली उचलायची, प्रत्येक पान फॅक्सवाल्यांच्या ‘ग्रुप फोर’ पद्धतीने आवळायची आणि सगळी पानं पीडीएफमध्ये बांधायची. या पद्धतीची गंमत अशी, की प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा कुठे बदलली तेवढंच लिहून ठेवायचं. त्यात एक ठिपकाही गमवावा लागत नाही, आणि अर्ध्या एमबीचं पान तीस केबीवर येतं. शिवाय वर्क ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, ‘कोरी पाने वगळावीत.’ तेव्हा ज्या पानावर अर्ध्या टक्क्याहून कमी काळे ठिपके, ते पान कोरं समजून बाहेर, अशी एक चाळणीही त्याने बसवली. ती त्याची लाडकी होती. चार दिवसांत छप्पन्न सीडी उरकल्या.

चंद्रिका अक्का साठीच्या जवळ आलेली. घराणं तंजावरकडचं, मराठी घरात बोलायची, बाकी सगळं तमिळमध्ये. १९६९ साली टायपिस्ट म्हणून लागली. टेलेक्स आला तो शिकली, फॅक्स आला तो शिकली, आणि स्कॅनर आला तेव्हा ऑफिसातल्या पदवीधरांनी पाठ फिरवली म्हणून तोही हिच्याच गळ्यात पडला. रिटायर झाली, तरी कंपनीने तिला बोलावून पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. रेकॉर्ड रूम म्हणजे चंद्रिका अक्का, असं शिपायापासून सगळे म्हणत. अनयला ते जरा जास्तच वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी त्याने मोठ्या ऐटीत तिला पीडीएफ दाखवल्या. अक्षरं ठसठशीत, पानं सरळ. अक्काने चष्मा लावला आणि आपल्या तंजावरी मराठीत म्हणाली,

“अकराशे सत्तेचाळीस काढ पा. कृष्णस्वामीची.”

कृष्णस्वामी हातोड्यावर तीस वर्षं राबलेला कामगार. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला तो दोन्ही कानांनी ठार बहिरा. हे बहिरेपण कामामुळे आलं की म्हातारपणामुळे, याची मेडिकल बोर्डापुढे सुनावणी शुक्रवारी होती, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. कामामुळे म्हणून ठरलं तरच त्याला भरपाई आणि उपचार. कंपनीने त्याच्या तपासणीचे फॉर्म छापून द्यायचे होते. अनयने फाइल उघडली. प्रत्येक फॉर्मवर ठळक शाईत एकच शब्द: ‘फिट’.

“किती पानं?” अक्काने पुसलं.

“तेवीस.”

“तेवीस कशी होतील? माझ्या एका फाइलीतही विषम पानं नाहीत.” तिने दहीभाताचा डबा बाजूला ठेवला. “तेवीस फॉर्म. दोन बाजू. सेहेचाळीस हवीत.”

“अक्का, मागच्या बाजू कोऱ्या होत्या. म्हणून प्रोग्रॅमने वगळल्या.”

“कोऱ्या म्हणून कोणी सांगितलं तुज?”

अनय हसला. म्हातारीला समजावायचं म्हणून त्याने सीडी घातली, मूळ टिफ उघडली, आणि ३०वं पान स्क्रीनवर आणलं. पांढरं पान, खाली थोडी धूळ पडल्यासारखी. “हे बघा.”

“मोठं कर.”

त्याने मोठं केलं. धूळ हळूहळू ओळीत येऊन उभी राहिली. तुटक, अडखळत, पण अक्षरंच. इंग्रजीतली पेन्सिलीची एक ओळ, १९८९ सालची: ‘दोन्ही कानांचे ऐकणे घटत आहे. हातोड्यावरून हलवावा.’ खाली डॉक्टर व्यासराजांची सही.

अनयने ती ओळ दोनदा वाचली.

कारखान्याचे डॉक्टर व्यासराज पुढच्या बाजूला शाईने ‘फिट’ लिहायचे, कारण तिथे एवढाच रकाना होता आणि वरच्यांना तेवढाच हवा असायचा. मनातलं मात्र पेन्सिलीने मागे लिहायचे, पुढच्या वर्षी आपल्यालाच आठवावं म्हणून. हे ऑफिसात फक्त अक्काला ठाऊक होतं. स्कॅनिंगच्या वेळी साहेबांनी हुकूम सोडला होता, की एकच बाजू घ्या, निम्म्यात काम होईल. अक्काने ऐकलं नाही. तिने प्रत्येक कागद उलटा केला, पाठ घेताना स्कॅनरचा काळेपणा दोन घरं वर चढवला, तेव्हा कुठे पेन्सिल निदान ठिपक्यांत उतरली. दुप्पट काम केलं म्हणून बोलणी खाल्ली ती खाल्लीच. आणि आठ वर्षांनी पुण्याहून आलेल्या एका शहाण्याने ती सगळी मेहनत अर्ध्या टक्क्याच्या चाळणीने गाळून टाकली होती. त्या पानावर काळं किती, हे अनयने मोजलं. अर्धा टक्का तर दूरच, त्याच्या निम्मंही नव्हतं.

ही एकच फाइल दुरुस्त करून देणं सोपं होतं, आणि कृष्णस्वामीचं कामही भागलं असतं. अनय तेच म्हणाला.

“एकच?” अक्का म्हणाली. “बाकीच्यांना कान नाहीत का?”

सगळ्याच फाइलींच्या मागच्या बाजू ठेवायची परवानगी मागायला दोघं वेंकट सरांकडे गेले. वेंकट सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी वर्क ऑर्डर समोर धरली. “कोरी पानं ठेवली तर फाइली दुप्पट होतील. डीव्हीडीत मावणार कशा?”

आता अनयला आपलंच ज्ञान उलटं वापरावं लागलं. “सर, ग्रुप फोरमध्ये ओळ बदलली तरच काही लिहावं लागतं. कोऱ्या पानात काही बदलतच नाही. एक कोरं पान धड एक केबीसुद्धा खात नाही. सगळी मागची पानं ठेवली तरी डीव्हीडी निम्मीच भरेल.” हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्या चाळणीवर तो एवढा खूष होता, तिने जागा वाचवलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं झालं होतं. धूड झालं होतं ते कॉम्प्रेशन नसल्यामुळे, आणि गेलं होतं बिचारं पेन्सिलीचं पान.

वेंकट सरांनी वर्क ऑर्डरमधली ती ओळ खोडून शेजारी सही केली.

कृष्णस्वामीची फाइल आधी, मग बाकीच्या. अनयने चाळणी काढली, ठिपके साफ करण्याची सोयही बंद केली, कारण तीही तुटकी अक्षरं धूळ समजून पुसायची. आणि बॅचमध्ये एक नवी गोष्ट घातली. प्रत्येक टिफची पानं मोजायची, तिच्या पीडीएफची पानं मोजायची, जुळली नाहीत तर नाव यादीत टाकायचं. ही कल्पना कुणाची, हे सांगायला नकोच. आठ वर्षांपूर्वी अक्का हेच वहीत पेनाने करत होती.

दिवसभर ती शेजारी बसून सीडी घालत होती, काढत होती, पदराने पुसत होती. सदतिसाव्या सीडीला तीन फाइली जुळल्या नाहीत. एका ओरखड्यावर ड्राइव्ह अडखळत होता. अनय म्हणाला, तीन गेल्या तर चालतील. अक्काने ती सीडी काढली आणि उठली. दुसऱ्या मशीनवर, तिसऱ्या मशीनवर ती सीडी फिरली आणि तिसऱ्यावर वाचली गेली. अनयला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, आणि ते त्याने तोंडाने सांगितलंही. ती म्हणाली, “चहा सांग आता.” चहा आला तो थंड होईपर्यंत तिने सीडीच बदलल्या.

शुक्रवारी ती दोघं छापलेली सेहेचाळीस पानं घेऊन सुनावणीला गेली. बोर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी पंचवीस मिनिटं कागद उलटेपालटे केले. १९८९चं पान बाजूला काढलं, त्यानंतरची आणखी चार काढली. मग बहिरेपण कामामुळेच आलं, असं नोंदवून सही केली.

बाहेरच्या बाकावर कृष्णस्वामी बसला होता. नेसायला पांढरीशुभ्र वेष्टी, हातात पानांची प्रत. तो खालच्या मानेने ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. ही ओळ लिहिलेली होती, हे त्याला आजच कळत होतं.

अक्का त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने पर्समधून कागद काढून तमिळमध्ये लिहिलं. अनयला तमिळ बोललेलं कळायचं, पण वाचता येत नव्हतं, म्हणून काय लिहिलं ते तिने त्याला तिथेच सांगितलं: ‘स्कॅन करताना हे मी वाचलं होतं. तुमची पाच वर्षं बाकी होती. मी पर्सोनेल ऑफिसरना दाखवलं. ते म्हणाले, स्कॅन करा, वाचू नका. मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी.’

कृष्णस्वामीने वाचलं. मग बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. तो तमिळमध्ये म्हणाला, “अम्मा, सांगितलं असतंत तरी मी हातोडा सोडला नसता. तिथे पगार जास्त होता. मुलगी नर्सिंगला होती.”

एखादी बाई तेवढ्यावर ‘सुटले’ म्हणून डोळे पुसून उठली असती. अनयला वाटलं, आता हिच्या मनावरचं ओझं उतरलं. पण अक्का जागची हलली नाही.

“ते तुम्ही ठरवायचं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी नाही.”

त्याला ते ऐकू गेलं नव्हतं. मग तिने तो कागद त्याच्या हातून परत घेतला, मांडीवर ठेवला, उलटा केला आणि हेही लिहून त्याच्या हातात दिलं.