बाय कोणत्या रविवारी?

माझा थोरला भाऊ लॉन्ड्रीची गाडी चालवतो. आठवडाभर हॉटेलांच्या चादरी इकडून तिकडे नेतो आणि रविवारी त्याच गाडीतून मुलींची फुटबॉल टीम. गाडीला साबणाचा वास, मुलींच्या बुटांना चिखल, त्यामुळे मालकाशी त्याची दर सोमवारी जुंपते. ही टीम दादाने स्वतः उभी केली. घरात त्याला पंखा दुरुस्त करायला वेळ नसतो, पण कुणाच्या बुटाचा तळ निघाला तर जेवण अर्धं टाकून उठतो. वहिनीने आता बोलणं सोडून दिलं आहे. ती फक्त पंख्याकडे बघते.

यंदा मात्र टीमचा जीव टांगणीला होता. सुरुवातीलाच गाडी बंद पडली आणि एका मॅचला टीम पोचलीच नाही. हरलेल्या टीमच्या नावापुढे लीगच्या फळ्यावर तिने केलेले गोल लिहितात. न आलेल्या टीमपुढे नुसती रेघ मारतात. दोन रेघा झाल्या की टीम लीगबाहेर. आमची एक झाली होती. ती रेघ दादाला इतकी लागली, की त्या दिवसापासून तो फळ्याकडे पाठ करून उभा राहायचा.

लीगचे सेक्रेटरी म्हणजे एक वेगळंच प्रकरण. वेळापत्रक ते पट्टी घेऊन हाताने आखतात, ऑफिसच्या भिंतीला चिकटवतात आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. फोटो तिरका, वर ट्यूबलाइटची चकाकी, कोपऱ्यात अंगठा. टाइप करून पाठवा म्हटलं तर म्हणतात, "सगळं लिहिलंय की त्यात."

मी डोळ्यांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देते. दिवसभर लोकांना तारखा वाटणं हेच माझं काम, त्यामुळे दादाने फोटो माझ्याकडे सरकवला. मीही ऐटीत म्हटलं, आण इकडे. फोनमधल्या एआयला फोटो दिला आणि सांगितलं, फक्त आमच्या टीमच्या मॅच काढ, सगळ्या सकाळच्या आहेत, मैदानाचं नाव घाल, दोन तास आधीचा रिमाइंडर लाव आणि कॅलेंडरची फाइल करून दे. मिनिटभरात फाइल आली. मी वेळा पाहिल्या, मैदानं पाहिली, मॅच मोजल्या. सगळं बरोबर. खाली त्याने लिहिलं होतं, की तक्त्यातल्या अगदी पहिल्या ओळीला तारीख दिसत नाही, तपासून घ्या. ती मॅच आमची नव्हती, म्हणून मी पुढे गेले. फाइल सगळ्या मुलींच्या फोनवर गेली. दादाला रोज बजावलं, आता फोटो उघडून डोळे फोडू नकोस, फोन सांगेल तेव्हा निघायचं.

तरी तो विचारत होता, "आपला बाय कधी आहे?"

लीगमध्ये टीम सात, म्हणजे दर रविवारी एका टीमला खेळायला कुणी उरत नाही. त्या सुट्टीला बाय म्हणतात.

"जो रविवार रिकामा दिसतोय तोच बाय," मी म्हटलं. किती सोपं.

फोनने सांगितलं तेव्हा आम्ही निघालो. मैदानावर चिटपाखरू नाही. समोरची टीम नाही, पंच नाही. मुली तासभर गोलपोस्टला टेकून बसल्या. दादा आधी चिडला आणि मग हळूहळू खुलला. समोरची टीम आली नाही म्हणजे रेघ त्यांच्या नावापुढे! त्याने सेक्रेटरींना लांबलचक मेसेज लिहिला, शिस्तीवर दोन वाक्यं घातली आणि मुलींना सांगून टाकलं, "पुढचा रविवार बाय आहे, मजा करा." मुलींनी शब्द पाळला. निम्म्या सहलीला गेल्या, गोलकीपर मावशीकडे.

सेक्रेटरी मेसेज शनिवारीच बघतात. शनिवारी संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं, "गेल्या रविवारी तुम्हाला बाय होता. मॅच उद्या आहे. शिस्तीबद्दल समक्ष बोलू."

दादाने फोन माझ्यासमोर धरला.

मी फोटो उघडून मोठा केला. एका रविवारच्या तीन मॅच, म्हणजे तीन ओळी. सेक्रेटरींनी तारीख लिहिली होती एकदाच आणि तीही मधल्या ओळीसमोर, कारण त्यांना ती तिथे शोभते. दोन रविवारांच्या मध्ये रेघही नाही. एआयने तारीख जिथे दिसली तिथून खाली लावत नेली. त्यामुळे प्रत्येक रविवारची पहिली मॅच आदल्या रविवारवर जाऊन बसली आणि सगळ्यात वरची बिनतारखेची राहिली. रविवारच्या पहिल्या ओळीत आमची मॅच अख्ख्या तक्त्यात एकदाच होती, उद्याची. ती सरकली नेमकी खऱ्या बायवर आणि उद्याचा दिवस रिकामा दिसायला लागला. फक्त आमच्याच ओळी मागितल्यामुळे बाकीचा गोंधळ मला दिसायचं कारणच नव्हतं. माझा संताप सेक्रेटरींवर होता, फोनवर होता आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता.

"मी बाय विचारत होतो," दादा एवढंच म्हणाला.

रात्रीपर्यंत फोन करून सहा मुली जमल्या. सातपेक्षा कमी असतील तर पंच मॅच सुरूच करत नाहीत, मध्येच कमी झाल्या तर थांबवतात, आणि दोन्हीकडून रेघच. दादाने नोंदणीची यादी वरून खाली वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्या वर्षी संख्या भरायला त्याने माझं नाव घातलं होतं आणि नंतर दरवर्षी तीच यादी पुढे जात राहिली.

"दादा, माझे गुडघे बघ."

"बघितले. बूट किती नंबरचा?"

सकाळी मी गोलमध्ये उभी राहिले, कारण तिथे सर्वांत कमी पळावं लागतं असा माझा समज होता. समोर अकरा धडधाकट पोरी. पहिला बॉल माझ्या दोन्ही पायांमधून गेला, दुसऱ्याला मी वाट करून दिली. दादा रेषेबाहेरून माझ्या नावाने असा ओरडत होता, की लहानपणीची सगळी उधारी त्याने वसूल केली. मध्यंतराला मला धड श्वास घेता येत नव्हता. एक मुलगी लंगडत आली आणि बसू का म्हणाली. दादा तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, बुटाची नाडी बांधून दिली आणि हळूच म्हणाला, "नुसती उभी राहा. पळू नकोस. पण बाहेर जाऊ नकोस." तसा हळू आवाज मी त्याच्या तोंडून घरात कधी ऐकला नव्हता. मला वहिनीची आठवण झाली आणि रागही आला, आणि तरी मी उठून पुन्हा गोलमध्ये गेले.

नऊ-शून्य हरलो. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा सातही जणी मैदानात होत्या. मुली रडायला लागल्या. मीही रडले, पण ते गुडघ्यांमुळे.

दादाचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा. "रडता काय? फळ्यावर शून्य येईल," तो म्हणाला. "रेघ नाही, शून्य."

सोमवारी दवाखान्यात एका आजोबांना तारीख देत असताना फोन वाजला. दादाने फोटो पाठवला होता. फळा तिरका, वर ट्यूबलाइटची चकाकी, कोपऱ्यात अंगठा. आमच्या नावापुढचं शून्य मी बोटांनी मोठं करून पाहिलं. आजोबांनी दोनदा विचारलं, तारीख कोणती म्हणालात?